रुंदी शंभर टक्के, तरी चौकट बाहेर

मोबाइलवर एखादा साधा नोंदणी-अर्ज उघडावा आणि पान बोटागणिक डावी-उजवीकडे सरकत राहावं, हा अनुभव अनेकांना येतो. बारकाईने पाहिलं तर नाव लिहायची चौकट उजव्या कडेबाहेर गेलेली असते, पण तिच्याखालचं बटण मात्र जागच्या जागी असतं. गंमत म्हणजे दोघांनाही रुंदी दिलेली असते ती सारखीच, १०० टक्के.

हिशोब करून पाहू. स्क्रीन ३६० पिक्सेल रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना १६ पिक्सेल मोकळे सोडले आहेत. म्हणजे अर्जाला उरले ३२८. चौकटीच्या आत डावी-उजवीकडे बारा-बारा पिक्सेलचं पॅडिंग आणि कडेने एकेक पिक्सेलची बॉर्डर आहे. सीएसएसच्या मूळ नियमानुसार रुंदी म्हणजे फक्त आतल्या मजकुराची जागा. पॅडिंग आणि बॉर्डर तिच्यावर अधिक. म्हणून चौकट होते ३५४ पिक्सेलची. ती सुरू होते सोळाव्या पिक्सेलपासून आणि संपते ३७० वर, स्क्रीनच्या १० पिक्सेल पलीकडे. बटण वाचतं, कारण ब्राउझर बटणाला आधीपासूनच दुसरा नियम लावतात: पॅडिंग आणि बॉर्डर दिलेल्या रुंदीच्या आतच बसवायची.

हा मूळ नियम १९९६ च्या पहिल्या सीएसएस प्रमाणकापासूनचा. विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ५ तो पाळत नसे, तो पॅडिंगसकट रुंदी मोजायचा. त्या काळी प्रमाणभंग म्हणून त्याला बोल लागले, आणि ते रास्तच होते, कारण एकच पान दोन ब्राउझरांत दोन मापांचं दिसे. पण पद्धत म्हणून त्याचीच मोजणी सोयीची होती. पुढे सीएसएसच्या कार्यगटानेही आपल्या चुकांच्या यादीत हा मुद्दा नोंदवला. जुनी संकेतस्थळं मोडतील म्हणून मूळ नियम मात्र आजही तसाच आहे.

त्यामुळे बदल आपणच करायचा. २०१२ मध्ये पॉल आयरिश यांनी तो सरसकट सगळ्या घटकांना लावण्याचा आग्रह धरला आणि पुढच्याच वर्षी बूटस्ट्रॅप ३ ने तो स्वीकारला.

```css
*, *::before, *::after {
  box-sizing: border-box;
}
```

पहिली फुली सगळ्या घटकांना पकडते, पण `::before` आणि `::after` ने तयार होणारे तुकडे तिच्यात येत नाहीत, म्हणून ते वेगळे लिहावे लागतात. आता अर्जातली चौकट बरोबर ३२८ पिक्सेलची होते आणि मजकुराला आत ३०२ उरतात. मार्जिन मात्र या हिशोबात येत नाही. शंभर टक्के रुंदीच्या चौकटीला आडवं मार्जिन दिलं, तर ती पुन्हा बाहेर जाईल.

नवं काम हाती घेताना या ओळी सर्वांत वर लिहाव्यात. जुन्या संकेतस्थळावर त्या घालण्याआधी, कुणी हाताने २६ वजा करून ३०२ अशी रुंदी लिहून ठेवली आहे का, ते शोधा. तिथे चौकट अकारण आक्रसेल.