निरोप घेताना ‘येतो’, देताना ‘या’

निवृत्त मुख्याध्यापकांना भेटून निघताना ‘सर, जातो’ म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही. ‘सर, येतो’ किंवा ‘येते’ म्हणावे. त्याहून अदबीचे ‘येऊ का?’, कारण त्यात परवानगी मागितलेली असते. सर ‘या’ किंवा ‘ये’ म्हणाले, की नमस्कार करून उठावे.

सरच आपल्या घरून निघत असतील, तर क्रियापद जपावे लागते. ‘ये’चे आदरार्थी रूप ‘या’ होते. ‘जा’ मात्र ‘तू’ला आणि ‘तुम्ही’ला सारखेच. त्यामुळे नुसते ‘सावकाश जा’ म्हटल्याने आदर कळत नाही. ‘सर, सावकाश जा, पोचलात की फोन करा’ म्हटले, की ‘पोचलात’ आणि ‘करा’ यांतून तो स्पष्ट होतो. चूक बहुधा इथेच होते: सुरुवात ‘तुम्ही’ने आणि शेवट ‘फोन कर’ने.

‘आपण’ समारंभात, पत्रात शोभते. नेहमीच्या बोलण्यात ‘तुम्ही’ पुरेसे आहे. आजीला मात्र अनेक घरांत ‘तू’च म्हणतात. तिथे ‘आजी, येते गं’ म्हणून वाकून नमस्कार केला, की आदरात काही उणे राहत नाही.