नोकरीचे कागद – भाग ७ : ‘फुल अँड फायनल’मधली ग्रॅच्युइटीची ओळ

मागच्या आठवड्यात कार्यमुक्तीचं पत्र पाहिलं. त्यानंतर महिना-दीड महिन्याने कंपनीकडून जो कागद येतो, त्याला सगळे ‘फुल अँड फायनल’ म्हणतात. शेवटच्या महिन्याचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, थकलेला बोनस, त्यातून नोटीस पगार किंवा उचल यांची वजावट आणि खाली एक निव्वळ रक्कम, असं त्याचं रूप असतं. पाच वर्षं भरलेल्या माणसाच्या या कागदात सगळ्यात मोठा आकडा बहुधा ग्रॅच्युइटीचा असतो, आणि तो कसा काढला हे तिथे क्वचितच लिहिलेलं असतं. म्हणून आजचा भाग त्या एका ओळीसाठी.

समजा, भोसरीच्या एका कारखान्यातले एक सुपरवायझर १२ ऑगस्ट २०१६ रोजी लागले आणि राजीनामा देऊन ३० एप्रिल २०२५ रोजी बाहेर पडले. शेवटचा मूळ पगार २४,००० रुपये आणि महागाई भत्ता ७,२०० रुपये. घरभाडे आणि प्रवासभत्ता वेगळा. हिशेबाच्या पत्रात एवढंच छापलेलं : ‘ग्रॅच्युइटी – ९६,०००’. आकडा भरघोस दिसतो, माणूस सही करून मोकळा होतो.

आता हाच हिशेब १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे मांडू. त्या कायद्यात पगार म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता. घरभाडे त्यात येत नाही. म्हणजे इथे पगार झाला ३१,२०० रुपये. एका दिवसाचा पगार काढताना महिन्याला तिसाने नाही, सव्वीसने भागायचं, कारण साप्ताहिक सुट्ट्या वगळून महिन्यात कामाचे दिवस सव्वीस धरले आहेत. दिवसाचे झाले १,२०० रुपये, आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचे १८,०००. नोकरी झाली आठ वर्षं, आठ महिने आणि काही दिवस. शेवटचा तुकडा सहा महिन्यांहून जास्त असेल तर तो पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून वर्षं नऊ. अठरा हजार गुणिले नऊ, म्हणजे १,६२,०००.

कंपनीच्या आणि कायद्याच्या आकड्यात ६६,००० रुपयांचा फरक आहे. तो तीन ठिकाणी पडला. कंपनीने महागाई भत्ता सोडला, भागाकार तिसाने केला आणि आठ महिन्यांचा तुकडा टाकून दिला. चोवीस हजार भागिले तीस, गुणिले पंधरा, गुणिले आठ केलं की बरोबर ९६,००० येतात. तिन्ही चुका नेहमी आढळणाऱ्या आहेत. नुसती रक्कम पाहून त्या दिसत नाहीत, कागदावर पगार, भाजक आणि वर्षं लिहिली असली की शाळकरी मुलालाही सापडतील. त्यामुळे पत्रात रुजू झाल्याची तारीख, कामाचा शेवटचा दिवस, धरलेला पगार घटकांसह, मोजलेली वर्षं आणि त्यावरून आलेली रक्कम एवढं असायलाच हवं. नसेल तर एचआरकडे ईमेलने मागा. तोंडी मागितलेल्याचा पुरावा राहत नाही.

ग्रॅच्युइटी वेगळ्या ओळीत लिहिलेली असणंही तितकंच गरजेचं आहे. काही पत्रांत ती ‘इतर देय रक्कम’ या नावाखाली पगारात मिसळलेली असते. मग आयकर कापताना तीही पगार समजली जाते. वास्तविक या कायद्याखाली बसणारी ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत करमुक्त आहे.

वजावटीच्या बाजूशीही ग्रॅच्युइटीचा संबंध आहे. नोटीसचा काळ पूर्ण केला नाही म्हणून ग्रॅच्युइटीच रोखून ठेवल्याची तक्रार सर्रास ऐकू येते. हे कायद्यात बसत नाही. ग्रॅच्युइटी जप्त करता येते ती माणसाला कामावरून काढलं असेल तरच, आणि तेही ठरावीक कारणांसाठी : मालमत्तेचं नुकसान केलं असेल तर त्या नुकसानीपुरती; दंगा, हिंसा किंवा नोकरीच्या ओघात केलेला नैतिक अधःपतनाचा गुन्हा असेल तर पूर्ण किंवा अंशतः. राजीनामा देऊन गेलेल्याची नोटीस अपुरी राहणं यातल्या कशातच येत नाही.

या कायद्याचे स्वतःचे कागदही आहेत आणि फुल अँड फायनलच्या गडबडीत ते बाजूला पडतात. कर्मचाऱ्याने फॉर्म ‘आय’ भरून ग्रॅच्युइटी मागायची. कंपनीने पंधरा दिवसांत फॉर्म ‘एल’ने रक्कम आणि पैसे देण्याची तारीख कळवायची, किंवा फॉर्म ‘एम’ने नकाराचं कारण लिहून द्यायचं. अर्ज आला नाही तरी रक्कम ठरवून कळवण्याची जबाबदारी कंपनीवरच आहे. तरीही अर्ज करावा आणि त्याची पोच जपावी, असं माझं ठाम मत आहे, कारण पुढे वाद झाला तर तारखा त्या पोचेवरून सिद्ध होतात.

पैसे तीस दिवसांत मिळायला हवेत. ती मुदत चुकली की दहा टक्के सरळव्याज लागतं, आणि ते मुदत संपल्यापासून नाही, तर ग्रॅच्युइटी देय झाली त्या दिवसापासून. आपल्या सुपरवायझरांना पैसे नोव्हेंबरअखेर मिळाले असं धरलं तर सात महिन्यांचं व्याज ९,४५० रुपये होतं. ‘एलआयसीकडून अजून आले नाहीत’ हे कारण अनेकांना ऐकायला मिळतं. कंपनीने ग्रॅच्युइटीसाठी एलआयसीची सामूहिक योजना घेतलेली असते हे खरं, पण ती कंपनीची स्वतःची सोय झाली. कर्मचाऱ्याला पैसे देण्याची जबाबदारी मालकाची.

आता सहीकडे येऊ. पत्राच्या तळाशी बहुधा एक वाक्य असतं : मला सर्व रकमा मिळाल्या असून कंपनीकडून काहीही येणे बाकी नाही. पैसे खात्यात यायच्या आधीच यावर सही मागितली जाते. शक्य असेल तर रक्कम जमा झाल्यावरच सही करा. करावीच लागली तर सहीजवळ ‘हक्क राखून, रक्कम जमा होण्याच्या अटीवर’ असं स्वतःच्या हाताने लिहा, तारीख घाला आणि कागदाचा फोटो ठेवा. कायद्याने ठरवलेली किमान ग्रॅच्युइटी खासगी करारापेक्षा वरचढ आहे, त्यामुळे कोरी सही झाली तरी ती बुडत नाही. फक्त मग भांडण लांबतं आणि दाखवून देण्याचं ओझं आपल्यावर येतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि त्यानंतर नोकरी सोडणाऱ्यांसाठी काही गोष्टी बदलल्या. पंधरा भागिले सव्वीस हे सूत्र तेच राहिलं. पगाराची व्याख्या मात्र बदलली. मूळ पगार कमी ठेवून भत्ते फुगवले असतील, तर वगळलेल्या भत्त्यांचा एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर जाणारा भाग पगारातच धरायचा आहे. त्यामुळे पत्रात ‘धरलेला पगार’ लिहिलेला असणं आता जास्तच गरजेचं झालं. मुदतीच्या करारावर काम करणाऱ्यांना पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतर हक्क मिळतो. राजीनाम्यानंतरचा राहिलेला पगारही दोन कामकाजी दिवसांत द्यायचा आहे. ग्रॅच्युइटीचे तीस दिवस त्याहून वेगळे, म्हणून दोन्ही रकमा एकाच दिवशी येतील असं धरून चालू नका.

१९७२ च्या कायद्याखाली कंपनी नकार देते, कमी रक्कम देते किंवा गप्प बसते तेव्हा नियंत्रण अधिकाऱ्याकडे फॉर्म ‘एन’ने नव्वद दिवसांत अर्ज करायचा असतो. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालयांकडे राहिलं आहे. मुदत उलटली तरी उशिराचं सबळ कारण दाखवता आलं तर अर्ज घेतला जातो. सोबत नेमणूकपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, कार्यमुक्तीचं पत्र आणि फॉर्म ‘आय’ची पोच जोडावी. पगारपावत्या कंपनीच्या पोर्टलवर असतील तर त्या नोकरीत असतानाच उतरवून घ्या. शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं.