टँकर खाली करताना पेट्रोल सांडले तर

पेट्रोल पंपावर आलेला टँकर खाली होतो तो मोटर लावून नव्हे, उतारानेच. टँकरच्या पोटात तीन-चार वेगळे कप्पे असतात आणि एकेका कप्प्यात साधारण ४,००० लिटर माल असतो. कप्प्याच्या तोटीला जाड होज पाइप जोडतात, त्याचे दुसरे टोक जमिनीखालच्या टाकीच्या भरण-पाइपावर कपलिंगने बसवतात आणि व्हॉल्व्ह उघडतात. कप्पा रिकामा व्हायला दहा-एक मिनिटे लागतात. या दहा मिनिटांत कपलिंगचे वॉशर झिजलेले निघाले, त्याची कडी नीट बसलेली नसली, किंवा टाकीत जागा कमी असताना जास्त माल सोडला, तर पेट्रोल बाहेर येते. अशी गळती अपघात ठरणार की आटोक्यात राहणार, हे पहिल्या काही मिनिटांत तीन गोष्टींवर ठरते: ठिणगीची शक्यता किती लवकर संपवली, किती पेट्रोल सांडले याचा अंदाज किती खरा निघाला, आणि ते वाहत कुठे गेले.

एक नमुना प्रसंग घेऊ. दुपारची वेळ आहे. पहिला कप्पा बरोबर १० मिनिटांत खाली झाला. दुसरा सुरू करून तीन मिनिटे झाली असताना टाकीकडचे कपलिंग सुटते आणि पेट्रोलचा लोट फरशीवर येतो. टँकरजवळ उभा असलेला माणूस व्हॉल्व्ह बंद करतो, पण तोवर १५ सेकंद गेलेली असतात. टँकर खाली होत असताना चालकाने किंवा क्लीनरने व्हॉल्व्हपासून हलू नये असा नियम असतो, तो या १५ सेकंदांसाठीच. तो माणूस सावलीत जाऊन बसला असता, तर १५ सेकंदांची दोन मिनिटे झाली असती.

व्हॉल्व्ह बंद झाला की फरशीवरच्या पेट्रोलपेक्षा त्याच्या वाफेकडे आधी पाहावे लागते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या खालीही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. महाराष्ट्राच्या दुपारी ती भराभर सुटते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यामुळे वर उडून जात नाही. ती पाण्यासारखी जमिनीलगत उताराकडे सरकते, खड्ड्यात आणि गटारात साठते. हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ टक्के झाले की मिश्रण पेटू शकते. या हिशेबाने एका लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली, तर ती साधारण १२ घनमीटर हवा, म्हणजे एका लहान खोलीभर हवा, पेटण्याजोगी करू शकते. डिझेलची वाफ नेहमीच्या तापमानाला इतकी सुटत नाही, म्हणून डिझेल सांडणे आणि पेट्रोल सांडणे यांना एकच माप लावता येत नाही.

ठिणगी टाळण्याच्या कामात सर्वांत मोठा धोका चांगल्या हेतूने केलेल्या घाईत असतो. चालकाला वाटते, टँकर बाजूला घ्यावा. पण इंजिन सुरू करणे म्हणजे वाफेतच ठिणगी पाडणे. टँकर जिथे आहे तिथेच राहतो आणि त्याला लावलेली अर्थिंगची तारही काढायची नसते, कारण ती सोडवतानाच ठिणगी पडू शकते. पेट्रोल भरायला आलेल्या दुचाक्या-मोटारी किक किंवा चावी न मारता, वाऱ्याच्या उलट दिशेला हाताने ढकलत न्यायच्या. जी गाडी वाफेतच उभी आहे, तिच्यातले लोक चालत बाहेर पडतात आणि गाडी तिथेच राहते. शेजारच्या टपरीवरचा स्टोव्ह वाऱ्याच्या दिशेला असेल तर पंपावरच्या कुठल्याही यंत्राइतकाच तोही महत्त्वाचा असतो, म्हणून एका माणसाने आधी तिकडे धावायला हवे.

वीज तोडण्यातही क्रम असतो. मुख्य स्विच केबिनच्या मागे, वाफेपासून दूर असेल तरच तो बंद करायचा. वाफ पोहोचलेल्या जागेतले कुठलेही बटण चालू किंवा बंद करायचे नसते, कारण दोन्ही वेळा आत ठिणगी पडते. अनेक पंपांवर वीज गेली की जनरेटर आपोआप सुरू होतो. मुख्य स्विच खाली ओढला आणि काही सेकंदांत जनरेटर धडधडू लागला, तर ज्या ठिणगीपासून वाचायचे होते तीच उभी राहते. म्हणून आधी जनरेटर आपोआप सुरू होण्याची सोय बंद करायची, मग मुख्य वीज. टायरमध्ये हवा भरण्याचा कॉम्प्रेसरही दाब कमी झाला की स्वतःहून चालू होतो. त्याचाही पुरवठा तुटला आहे ना, हे पाहावे लागते. दरम्यान एक माणूस पावडरचे अग्निशामक नळकांडे हातात घेऊन वाऱ्याच्या बाजूने उभा राहतो आणि दुसरा सुरक्षित अंतरावरून १०१ किंवा ११२ ला फोन करतो.

फोनवर पहिला प्रश्न येतो: किती सांडले? घाबरलेला माणूस एकतर ‘थोडंच’ म्हणतो, नाहीतर ‘सगळा टँकर’. अंदाज काढण्याचे तीन मार्ग आहेत आणि ते एकमेकांशी ताडून पाहायचे असतात.

पहिला मार्ग वेळेचा. पहिल्या कप्प्याचे ४,००० लिटर १० मिनिटांत उतरले, म्हणजे सरासरी वेग मिनिटाला ४०० लिटर. पण कप्पा भरलेला असताना वरचा दाब जास्त असतो आणि वेगही जास्त असतो. सुरुवातीच्या मिनिटांसाठी ५०० लिटर धरणे योग्य. मिनिटाला ५०० म्हणजे सेकंदाला सुमारे ८ लिटर. १५ सेकंदांत सुमारे १२५ लिटर. शिवाय तीन इंची, चार मीटर लांबीच्या होजमध्ये १८ लिटरच्या आसपास माल असतो आणि सुटलेल्या टोकातून तोही जमिनीवर येतो. बेरीज होते १४५ लिटरच्या घरात.

दुसरा मार्ग थारोळ्याचा. ते ७ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद, अंडाकृती पसरले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २७ चौरस मीटर भरते. खडबडीत काँक्रीटवर सरासरी जाडी ४ मिलिमीटर धरली, तर ११० लिटर होतात. हा आकडा पहिल्यापेक्षा कमी येणारच, कारण काही पेट्रोल उडून गेलेले असते आणि काही फटींत शिरलेले असते. फरशी पेव्हर ब्लॉकची असेल तर सांध्यांतून बरेच खाली मुरते आणि थारोळे फसवे लहान दिसते.

तिसरा मार्ग डिपचा: टँकरच्या कप्प्यातून किती गेले आणि टाकीत किती आले, यातला फरक. कागदावर हा सर्वांत पक्का वाटतो, पण लहान गळतीत तो टिकत नाही. २ मीटर व्यासाच्या, २०,००० लिटरच्या आडव्या टाकीत मध्यावर पातळी १ सेंटिमीटर बदलली, की १३० लिटरचा फरक पडतो. डिप-काठीवर इतकी चूक कुणाच्याही हातून होते, आणि तेवढ्या चुकीत पूर्ण गळती लपून जाते. त्यामुळे डिप नंतर, वाफ ओसरल्यावर, हिशेब मिटवण्यासाठी घ्यायचा. त्या क्षणी कामाचा आकडा मोठा धरायचा: १५० लिटर.

हा आकडा हाती आला की वाळूचा हिशेब उलगडतो. पंपावर लाल बादल्या टांगलेल्या असतात. ९ लिटरच्या आठ बादल्या, म्हणजे ७२ लिटर वाळू. कोरड्या वाळूत कणांमधली पोकळी साधारण एक-तृतीयांश असते, म्हणून ही सारी वाळू थारोळ्यावर ओतली तरी ती फार तर २४ लिटर शोषेल. १५० लिटर टिपायला अशा पन्नास बादल्या लागतील. तीच ७२ लिटर वाळू २० सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच बांधासारखी घातली, तर सुमारे ७ मीटर लांबीचा बांध होतो. म्हणून पहिली बादली थारोळ्याच्या मध्यात रिकामी करायची नसते. ती गटाराच्या जाळीवर आणि उताराच्या कडेला जाते. आधी वाट अडवायची, टिपणे नंतर.

गटाराला पहिला मान देण्याचे कारण १९९२ च्या २२ एप्रिलला मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहराने दाखवले. तिथे पेट्रोल टँकरमधून नव्हे, तर फुटलेल्या भूमिगत वाहिनीतून सांडपाण्याच्या गटारात उतरले होते. गटारात साठलेली वाफ पेटली, कित्येक किलोमीटर रस्ते फाटले आणि २०० हून अधिक माणसे मेली. उघड्यावर सांडलेल्या पेट्रोलची वाफ वाऱ्याने पातळ होत जाते. बंद गटारात ती तशीच राहते आणि दूरवरच्या घरात जाऊन ठिणगीला भेटते. पेट्रोल गटारात उतरले असेल, तर हे अग्निशमन दलाला पहिल्याच वाक्यात सांगायला हवे.

पाण्याचा फवारा मारून फरशी धुणे ही सर्वांत सहज सुचणारी चूक आहे. पेट्रोल पाण्यावर तरंगते, त्यामुळे पाण्यासोबत ते आणखी दूर आणि थेट गटारात जाते. थारोळे झाकायचे तर फेस हवा, आणि ते काम अग्निशमन दलाचे. बांधाआड अडवलेले पेट्रोल प्लॅस्टिकच्या मगाने किंवा बादलीने उपसायचे नसते, कारण प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते. आणखी वाळू आणून ते टिपतात, ठिणगी न पडणाऱ्या फावड्याने भरतात आणि झाकणाच्या लोखंडी पिंपात ठेवतात. ही वाळू वाफ सोडतच राहते. ती उकिरड्यावर टाकता येत नाही, धोकादायक कचरा म्हणून परवानाधारक संस्थेकडेच द्यावी लागते.

धोका संपला हे नाकावरून ठरवता येत नाही. पेट्रोलचा वास पेटण्याच्या पातळीच्या खूप आधी येतो, आणि थोड्या वेळाने नाक सवयीने तो टिपेनासे होते. त्यासाठी वायुमापक लागतो, आणि तो छातीच्या उंचीवर धरून उपयोग नाही. फरशीलगत, गटाराच्या तोंडाशी, टाकीवरच्या झाकणाखालच्या खड्ड्यात तो फिरवायचा. सगळीकडे आकडा पेटण्याच्या खालच्या मर्यादेच्या दहा टक्क्यांखाली आला, की मगच टँकरची चावी फिरवायची आणि वीज जोडायची.

टाकी ओसंडल्याने गळती झाली असेल, तर एक वेगळी खबरदारी लागते. टाकी काठोकाठ भरलेली असल्यामुळे होजमधला माल उतरायला जागाच नसते. घाईने कपलिंग सोडले, तर तो सगळा अंगावर आणि जमिनीवर येतो. जागा सुरक्षित झाल्यावर टाकीतली पातळी खाली उतरेपर्यंत होज जोडलेलाच ठेवावा लागतो. हा प्रकार मुळातच टाळता येतो: व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी टाकीचा डिप घ्यायचा आणि रिकामी जागा कप्प्यातल्या मालापेक्षा जास्त आहे, हे दोन माणसांनी तपासायचे. कपलिंगचे वॉशर पाहायला आणि हा डिप घ्यायला मिळून पाच मिनिटे लागतात. पंपमालकांनी ती पाच मिनिटे टँकरच्या वेळापत्रकातच धरावीत, आणि वाळूच्या बादल्या टांगताना त्यातल्या निम्म्या गटाराच्या जाळीशेजारी टांगाव्यात.