धुऊन न जाणारे जंतू

मे २०११ मध्ये उत्तर जर्मनीत रक्ती जुलाबाची साथ पसरली. चांगली धडधाकट माणसं दवाखान्यात आली आणि त्यातल्या शेकडो जणांची मूत्रपिंडं निकामी झाली. आधी संशय स्पेनच्या काकडीवर गेला, पण ती निर्दोष निघाली. शेवटी तपास एका शेतावरच्या मोडांपर्यंत पोहोचला आणि तिथून इजिप्तहून २००९ मध्ये आलेल्या मेथीदाण्यांपर्यंत. तोवर सुमारे चार हजार लोक आजारी पडले होते आणि पन्नासाहून अधिक दगावले होते. त्याच दाण्यांचे मोड फ्रान्समध्ये बोर्डोजवळ एका कार्यक्रमासाठी कुणीतरी स्वतः काढले होते. तिथेही लोक आजारी पडले. ‘घरी काढलेत, मग काळजी नाही’ हे म्हणूनच खरं नाही.

शेतात किंवा साठवणीत कडधान्याला शेणाचा, उंदराच्या लेंडीचा अंश लागतो. दाण्याच्या बारीक भेगांत शिरलेले ई. कोलाय, साल्मोनेला हे जंतू कोरडेपणी दोन-दोन वर्षं तग धरतात. मोड यायला लागते तीच ऊब आणि ओल त्यांनाही मानवते. फडक्यात बांधलेल्या मटकीत एका रात्रीत त्यांची संख्या हजारो पटींनी वाढू शकते. मोडांना ना वास येतो ना चिकटपणा, आणि कितीही पाण्यांनी धुतले तरी भेगेतला जंतू निघत नाही.

व्यायामशाळेतल्या मुलांच्या कच्च्या अंड्याच्या शेकचंही तेच. साल्मोनेलाची लागण कोंबडीच्या बीजाशयात झालेली असेल, तर कवच तयार होण्याआधीच जंतू अंड्यात असतो. स्वच्छ, न तडकलेलं अंडंही त्याला अपवाद नाही. अशी अंडी थोडी असतात, पण रोज चार कच्ची अंडी पिणारा रोज चारदा धोका पत्करतो. त्यात फायदाही नाही, उलट तोटाच आहे: कच्च्या अंड्यातली जेमतेम निम्मी प्रथिनं अंगी लागतात, शिजवलेल्यातली सुमारे नव्वद टक्के.

शेक हवाच असेल तर अंडी बलक घट्ट होईपर्यंत उकडा, गार करा आणि दूध-केळ्याबरोबर मिक्सरमधून काढा. चव बिघडत नाही. किंवा फेटलेलं अंडं दुधात घालून मंद आचेवर सतत ढवळा. मिश्रण ७१ अंशांवर गेलं की जंतू मरतात. घरात स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर तो लावून बघा, नसेल तर अंडी उकडणंच बरं.

मोडांना वाफ लागली पाहिजे. नुसतं गरम पाणी ओतून भागत नाही. खळखळत्या पाण्यात टाका, पुन्हा उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटं ठेवा, मग निथळून कांदा-लिंबू घाला; कुरकुरीतपणा बराचसा टिकतो. आपली उसळ तर शिजवलेलीच असते. मोड आले की लगेच फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे वाढ मंदावते, थांबत नाही. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि मधुमेही यांनी कच्चे मोड खाऊच नयेत.

खाल्ल्यानंतर काही दिवसांत ताप, पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले, तर पाणी-साखर-मीठ देत राहा. शौचात रक्त दिसलं किंवा लघवी कमी झाली, तर जुलाब थांबवायची गोळी न देता लगेच डॉक्टरांकडे न्या आणि काय खाल्लं होतं तेही सांगा.