एका तासात न मावणारा मंगळवार

जिममधला ट्रेनर किंवा ऑनलाइन मार्गदर्शक आता व्यायामाचा कार्यक्रम वहीत लिहून देत नाही, एक्सेलची शीट पाठवतो. रंगीत रकाने, वारांची वेगळी पानं आणि शेवटी एक गोषवारा: छातीचे आठवड्याला इतके सेट, पाठीचे इतके, पायांचे इतके. शीट इतकी नीटनेटकी दिसते की ती तपासावी असं कुणाच्या मनातही येत नाही. पण यातल्या बहुतेक शीट जुन्या शीटवरून कॉपी केलेल्या असतात. मधे ओळी घातलेल्या असतात, काही व्यायाम बदललेले असतात, आणि आकडे मात्र पहिल्याच घडणीचे राहतात.

एक नमुना घेऊ. नोकरी करणाऱ्या माणसासाठी आठवड्यातून चार दिवसांचा कार्यक्रम आहे. सोमवार आणि गुरुवार वरच्या अंगाचे, मंगळवार आणि शुक्रवार पायांचे, आणि प्रत्येक दिवसाच्या डोक्यावर लिहिलंय ‘६० मिनिटं’. गोषवाऱ्यात छातीपुढे ११ सेट दिसतात. आता पानं उघडून हातानं मोजा. सोमवारी बेंच प्रेसचे ४ आणि इन्क्लाइन डंबेल प्रेसचे ३. गुरुवारी डंबेल प्रेसचे ४, केबल फ्लायचे ३ आणि पुश-अपचे २. बेरीज १६ येते.

पाच सेट गेले कुठे? गोषवाऱ्याचा आकडा साधारण अशा सूत्रातून येतो:

```
=SUMIF(C$5:C$40,"Chest",D$5:D$40)
```

C रकान्यात स्नायूचं नाव आणि D मध्ये सेट. इन्क्लाइन प्रेसच्या ओळीत कुणीतरी `Chest` लिहून पुढे एक स्पेस दिलेली आहे. डोळ्याला ती दिसत नाही, पण सूत्राच्या लेखी तो शब्दच वेगळा, म्हणून ३ सेट गळले. पुश-अपची ओळ नंतर तळाशी, ४१व्या ओळीवर घातली. सूत्राची हद्द ४० वरच थांबते, म्हणून आणखी २ गळले. मोठी-लहान अक्षरं `SUMIF` सारखीच मानतं, त्यामुळे `chest` लिहिल्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते स्पेसनं आणि स्पेलिंगनं. शंका आली तर शेजारच्या रिकाम्या कप्प्यात `=LEN(C12)` लिहून पाहा. पाच अक्षरांच्या शब्दाला उत्तर ६ आलं की चोर सापडला. `TRIM` वापरून ती स्पेस काढता येते.

या चुकीचा परिणाम कागदावर थांबत नाही. एका स्नायूगटाला आठवड्याला १० किंवा त्याहून जास्त सेट दिले तर वाढ अधिक होते, असा कल ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली अनेक प्रयोग एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसला. तेव्हापासून हा दहाचा आकडा ट्रेनर मंडळींच्या तोंडी बसलाय. गोषवाऱ्यात ११ पाहणाऱ्याला वाटतं, छाती जेमतेम काठावर आहे, थोडं वाढवू. तो पेक डेकचे ३ सेट घालतो. त्याच्या हिशेबात आता १४ झाले, करणाऱ्याच्या अंगावर मात्र १९ पडले. महिन्याभरात खांदा कुरकुरायला लागला की दोष जातो ‘चुकीच्या फॉर्म’ला.

प्रत्येक रकाना हातानं मोजणं कंटाळवाणं असतं, म्हणून जमाखर्च लिहिणाऱ्यांची जुनी सवय उपयोगी पडते: ताळा. गोषवाऱ्यातल्या सगळ्या स्नायूंची बेरीज एका बाजूला करा, आणि सेटच्या रकान्यांची थेट बेरीज दुसऱ्या बाजूला. प्रत्येक ओळ एकाच स्नायूच्या खाती टाकलेली असेल तर दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत. आपल्या नमुन्यात चार दिवसांचे सेट अनुक्रमे २३, २८, २३ आणि १८ आहेत, म्हणजे एकूण ९२. गोषवाऱ्याची बेरीज ८७ भरते. फरक पाचाचा, बरोबर तेच गळलेले ३ आणि २. थेट बेरीज करताना हद्द न घालता पूर्ण रकाना घ्या (`=SUM(D:D)`), नाहीतर सुटलेली ओळ दोन्हीकडे सुटेल आणि ताळा खोटाच जुळेल. मधे दिवसाची उपबेरीज त्याच रकान्यात असेल तर ती मात्र आधी बाजूला काढावी लागते.

ताळ्यालाही मर्यादा आहे. केबल फ्लायसमोर कुणी खांदा लिहिला असेल तर बेरीज जुळेल आणि हिशेब तरीही चुकलेलाच असेल. ते वाचूनच कळतं. आणि काही फरक चुकीचे नसतात, पद्धतीचे असतात. बेंच प्रेसमध्ये ट्रायसेप्सही राबतो. कुणी त्याच्या खाती अर्धा सेट मांडतो, कुणी काहीच मांडत नाही. कुठलीही पद्धत चालेल, पण एकाच शीटमध्ये दोन्ही नकोत. अर्धे सेट मांडणाऱ्या शीटला वरचा साधा ताळा लागूही पडत नाही.

आठवड्या-आठवड्यातला मेळही याच पद्धतीनं पाहता येतो. चारही आठवड्यांच्या बेरजा एका ओळीत मांडा आणि मार्गदर्शकानं शब्दात काय लिहिलंय ते शेजारी ठेवा. ‘चौथा आठवडा हलका’ असं लिहिलेलं असताना तिथली बेरीज तिसऱ्याइतकीच दिसली, तर कुठेतरी सूत्राच्या जागी हातानं आकडा टाइप झालाय. कंट्रोल आणि एकच्या डावीकडची ` ही कळ एकत्र दाबली की एक्सेल आकड्यांऐवजी सूत्रं दाखवतं. सूत्रांच्या रांगेत मधेच नुसता 4 बसलेला असेल तर तो लगेच नजरेत भरतो.

आता पुनरावृत्ती. नावं वेगळी आणि हालचाल एकच, ही शीटमधली सगळ्यात सभ्य दिसणारी चूक. आपल्या नमुन्यात सोमवारी ‘ओव्हरहेड प्रेस’ आहे. गुरुवारी ‘मिलिटरी प्रेस’ आणि त्याच्या दोन ओळी खाली ‘सीटेड डंबेल शोल्डर प्रेस’. तिन्हीत वजन डोक्यावर ढकलायचं आहे. सॉफ्टवेअरला हे कळायचा मार्ग नाही, कारण ते अक्षरं जुळवतं, सांधे नाही. त्यासाठी आपणच एक जास्तीचा रकाना घालायचा आणि प्रत्येक व्यायामासमोर हालचालीची जात लिहायची: समोर ढकलणं, वर ढकलणं, समोरून ओढणं, वरून ओढणं, बैठक, कमरेतून वाकणं. उरलेल्या लहान व्यायामांना ‘इतर’ पुरे. मग जातीप्रमाणे सेट मोजायचे.

सगळीच पुनरावृत्ती चूक नसते. सोमवारी बेंच प्रेस जड वजनानं पाचाचे सेट आणि गुरुवारी डंबेलनं हलके दहाचे, ही जाणीवपूर्वक केलेली आखणी आहे. पण एकाच दिवशी, एकाच कोनातले दोन व्यायाम, तेवढेच रेप आणि तेवढीच विश्रांती, असं दिसलं की बहुधा ती ओळ दुसऱ्या शीटमधून आलेली असते. जातीचा रकाना आणखी एक गोष्ट उघडी पाडतो: काय राहून गेलं. ढकलण्याचे सेट दोन्ही मिळून पंचवीसच्या घरात आणि वरून ओढण्याचे अवघे तीन, असं चित्र मला बऱ्याच शीटमध्ये दिसतं. वारांची पानं वेगवेगळी असल्यामुळे ते एरवी लपून राहतं.

आणि आता तो मंगळवार. डोक्यावर ६० मिनिटं, खाली सात व्यायाम आणि २८ सेट. एका रेपला सरासरी ४ सेकंद धरले आणि E मध्ये रेप, F मध्ये विश्रांतीचे सेकंद असले, तर एका व्यायामाची मिनिटं अशी येतात:

```
=D5*(E5*4+F5)/60
```

स्क्वॉटचे ५ सेट, प्रत्येकी ५ रेप, मधे ३ मिनिटं विश्रांती: जवळपास १७ मिनिटं. रोमानियन डेडलिफ्टच्या आठाच्या ४ सेटना १४. लेग प्रेसला ११, लंजेसना १०, लेग कर्लला ९, काफ रेझला १० आणि प्लँकला ६. एवढ्यातच ७७ मिनिटं झाली. सुरुवातीचा वॉर्मअप ५ मिनिटं, स्क्वॉटआधीचे हलके सेट ६ मिनिटं, आणि एका व्यायामावरून दुसऱ्यावर जाताना किमान एकेक मिनिट, असे आणखी ६. एकूण ९४. संध्याकाळी सातला रॅकपुढे रांग असते, ती यात धरलेलीच नाही.

हे सूत्रही डोळे मिटून लावू नका. लंजेससमोर १० लिहिलेलं असतं, पण ते प्रत्येक पायाचे, म्हणजे प्रत्यक्षात २०. प्लँकसमोरचे ६० हे रेप नाहीत, सेकंद आहेत. सूत्र त्यांनाही चारानं गुणतं आणि ६ मिनिटांच्या प्लँकची १५ करतं. एक गमतीची खोडी एक्सेलची स्वतःची आहे. रेपच्या रकान्यात 8-10 टाइप केलं की आपल्याकडच्या तारखांच्या मांडणीत ते ८ ऑक्टोबर होतं. आत ४५ हजारांपुढचा आकडा बसतो आणि व्यायामाची लांबी काही हजार मिनिटं निघते. ही चूक निदान ओरडून सांगते तरी. कमीत कमी आणि जास्तीत जास्त रेप दोन वेगळ्या रकान्यांत लिहिले की प्रश्न मिटतो.

९४ मिनिटांचा मंगळवार तासात बसवायला लोक पहिली कात्री विश्रांतीला लावतात. तिथेच कार्यक्रम बदलतो. शोनफेल्ड यांच्याच २०१६ सालच्या आठ आठवड्यांच्या प्रयोगात १ मिनिट विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा ३ मिनिटं घेणाऱ्यांची ताकद आणि स्नायू जास्त वाढले. त्यापेक्षा सेट कमी करावेत. स्क्वॉट ४, रोमानियन डेडलिफ्ट ३, लेग प्रेस ३. लंजेस शुक्रवारी, तिथे १८च सेट आहेत. प्लँक काढा. लेग कर्ल आणि काफ रेझ आळीपाळीनं, तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर दीड मिनिट विश्रांती. व्यायामाची ४२ मिनिटं होतात आणि वॉर्मअप, बदलाबदलीसह ५६. यानंतर आठवड्याची बेरीज ९२ वरून ८३ वर येते, तेव्हा ताळा पुन्हा घ्यायचा.

शीट विकत घेणार असाल तर पैसे देण्याआधी एका दिवसाचं पान मागून घ्या आणि फक्त विश्रांती मोजा. तीन-तीन मिनिटांच्या विश्रांतीचे २० सेट म्हणजे नुसतं बसून राहण्यातच एक तास जातो. अशा पानावर ‘६० मिनिटं’ लिहिलेलं असेल, तर तो दिवस लिहिणाऱ्यानं स्वतः कधी करून पाहिलेला नाही.