नकार वाक्याच्या तोंडाशी आला की

इंग्रजी वाक्यात कर्ता आधी आणि क्रियापद नंतर हा क्रम सहसा मोडत नाही. पण ‘नेव्हर’, ‘रेअरली’, ‘सेल्डम’, ‘नॉट ओन्ली’ असा नकारार्थी शब्द वाक्याच्या अगदी सुरुवातीला आला की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येऊन बसते. ‘ही हॅज नेव्हर लाइड’ हे सरळ वाक्य. ‘नेव्हर हॅज ही लाइड’ हे उलटलेले. रचना प्रश्नासारखी दिसते, पण त्यात काहीही विचारलेले नसते.

जुन्या इंग्रजीत वाक्याच्या आरंभी काहीही आले, तरी क्रियापदाला दुसरी जागा देण्याकडे मोठा कल होता. जर्मन आणि डच भाषांत हा नियम आजही जिवंत आहे. इंग्रजीत तो मध्ययुगाच्या अखेरीस मोडत गेला, मात्र नकारार्थी शब्दांनंतर टिकून राहिला. त्या काळी मुख्य क्रियापदही कर्त्याच्या आधी जात असे, म्हणजे ‘नेव्हर सॉ आय’ असे म्हणता येई. पुढे ‘डू’चा वापर रूढ झाला आणि त्याचे ‘नेव्हर डिड आय सी’ झाले.

‘द कोर्ट रेअरली ग्रँट्स सच रिक्वेस्ट्स’ हे वाक्य घ्या. ‘रेअरली’ आरंभी नेला, की कर्त्याच्या आधी कोणाला आणायचे? वाक्यात साहाय्यक क्रियापद नाही, म्हणून ‘डू’ मदतीला येते. ‘ग्रँट्स’मधला शेवटचा ‘स’ ते स्वतःकडे घेते आणि ‘डझ’ होते. मुख्य क्रियापद मूळ रूपात उरते: ‘रेअरली डझ द कोर्ट ग्रँट सच रिक्वेस्ट्स’. नेमकी इथेच चूक होते. ‘डझ’ आले तरी ‘ग्रँट्स’ तसेच राहते. ‘नो सूनर... दॅन’ची वाक्ये रूपांतराच्या प्रश्नांसाठी घोकणारे विद्यार्थी ‘नो सूनर डिड ही रीच्ड’ लिहितात, तेही याच चुकीने: भूतकाळ ‘डिड’ने एकदा दाखवल्यावर ‘रीच्ड’ने पुन्हा दाखवायचा नसतो. वाक्यात साहाय्यक क्रियापदे एकाहून अधिक असतील तर फक्त पहिलेच हलते: ‘नेव्हर हॅड द रिपोर्ट बीन पब्लिश्ड’.

या अदलाबदलीकडे नुसता डौल म्हणून पाहणे मात्र अपुरे आहे, कारण तिच्यावर अर्थ अवलंबून असतो. औषधाच्या माहितीपत्रकात ‘रेअरली, द ड्रग कॉझेस अ रॅश’ असे छापलेले असते. तिथे ‘रेअरली’नंतर स्वल्पविराम आहे आणि क्रम सरळ आहे. अर्थ असा, की क्वचित काही रुग्णांना पुरळ उठते. म्हणजे विधान होकारार्थी आहे, इशारा देणारे आहे. ‘रेअरली डझ द ड्रग कॉझ अ रॅश’ म्हटले, की नकार संपूर्ण वाक्यावर पसरतो आणि औषधामुळे पुरळ सहसा उठत नाही, असे आश्वासन त्यातून मिळते. घटना तीच, पण भर उलट्या बाजूला. ‘विथ नो जॉब’ने सुरू होणाऱ्या वाक्यात तर अर्थ पूर्णच फिरतो. ‘विथ नो जॉब, शी वुड बी हॅपी’ म्हणजे नोकरी नसेल तर ती सुखी होईल. ‘विथ नो जॉब वुड शी बी हॅपी’ म्हणजे कोणतीही नोकरी तिला सुख देणार नाही. ‘इन नो टाइम’ म्हणजे झटक्यात. त्यात ‘नो’ असूनही वाक्य नकारार्थी होत नाही, म्हणून क्रमही बदलत नाही. थोडक्यात, नकाराचा शब्द दिसला एवढ्याने भागत नाही, त्याने वाक्य नकारार्थी व्हावे लागते.

‘नॉट ओन्ली’ सर्वांत जास्त फसवते. ते वाक्याच्या आरंभी येऊन पूर्ण उपवाक्याला लागले, तर पहिल्या भागात अदलाबदल होते, दुसऱ्यात नाही: ‘नॉट ओन्ली डिड शी राइट द प्ले, बट शी ऑल्सो डिरेक्टेड इट’. दुसऱ्या भागात ‘डिड शी’ पुन्हा आणणे चूक. ते कर्त्यालाच चिकटले असेल, जसे ‘नॉट ओन्ली द टीचर बट ऑल्सो द स्टुडंट्स वेअर अबसेंट’, तर काहीच हलत नाही. तिथे ‘नॉट ओन्ली’ कर्त्याचाच भाग असतो. आणि ‘शी नॉट ओन्ली रोट...’ असे ते वाक्याच्या मध्ये आले, तरीही क्रम सरळच.

‘ओन्ली आफ्टर’ आणि ‘नॉट अंटिल’ यांनंतर लगेच येणारे उपवाक्य सरळ ठेवायचे आणि अदलाबदल पुढच्या मुख्य वाक्यात करायची: ‘नॉट अंटिल द रेन स्टॉप्ड डिड द मॅच रिझ्यूम’. ‘नॉट अंटिल डिड द रेन स्टॉप’ हे चूक. नकारार्थी शब्द आणि साहाय्यक क्रियापद यांच्यामध्ये इतके अंतर पडले, की लिहिणारा मूळ बांधणी विसरतो. विन्स्टन चर्चिल यांच्या 20 ऑगस्ट 1940 च्या भाषणातले वैमानिकांविषयीचे प्रसिद्ध वाक्य असेच आहे: ‘नेव्हर’नंतर एक लांब पदसमूह, मग ‘वॉज’ आणि त्यानंतर कर्ता.

बोलण्यात ही रचना कमी आढळते. तिचे घर म्हणजे अग्रलेख, भाषण, न्यायालयीन निकाल. एका परिच्छेदात ती दोनदा आली तर लेखन नाटकी वाटू लागते. अशा वेळी ‘रेअरली’ किंवा ‘नेव्हर’ क्रियापदाजवळच्या नेहमीच्या जागी परत नेला, की क्रम आपोआप सरळ होतो आणि अर्थही बहुधा तोच राहतो.