सेलच्या पोस्टमध्ये तिरंगा कुठे असावा?

ऑगस्ट लागला की खेळाच्या कपड्यांच्या दुकानात दोन कारणांनी वर्दळ वाढते. शाळांच्या तालुकास्तरीय स्पर्धा जवळ आलेल्या असतात. कबड्डी आणि खो-खोच्या संघांना जर्सी हव्या असतात, धावणाऱ्या मुलांना बूट हवे असतात. दुसरं कारण म्हणजे १५ ऑगस्टचा सेल. मग दुकानदार मोबाइलवर एखादं डिझाइनचं ॲप उघडतो आणि तयार नमुना निवडतो. मागे फडकणारा झेंडा, मधोमध अशोकचक्र, त्यावर जाड अक्षरांत ‘५० टक्के सूट’ आणि खालच्या हिरव्या पट्ट्यावर बुटांचा जोड. दहा मिनिटांत ते चित्र व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर आणि इन्स्टाग्रामवर चढतं.

दुकानदाराच्या मनात वाईट काही नसतं. बहुतेक वेळा अभिमानच असतो. तरी त्या एका चित्रात अनेक चुका असतात, आणि त्या समजून घ्यायच्या तर आधी कायदा झेंडा कशाला म्हणतो ते पाहावं लागतं.

राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानाला प्रतिबंध करणारा कायदा १९७१ चा आहे. त्यात राष्ट्रध्वज म्हणजे केवळ काठीवरचं कापड नव्हे. ध्वजाचं चित्र, रेखाटन, छायाचित्र, कुठल्याही वस्तूवर दिसणारी त्याची प्रतिमा, इतकंच काय, त्याच्या एखाद्या भागाची प्रतिमाही ध्वजातच मोडते. त्यामुळे ‘हा काय खरा झेंडा आहे, मोबाइलवरचं चित्र तर आहे’ ही समजूत टिकत नाही. याच कायद्यात ध्वजावर मजकूर लिहिणं हा अनादर ठरवला आहे. २६ जानेवारी २००२ पासून लागू असलेली भारतीय ध्वजसंहिता तर स्पष्टच सांगते की कुठल्याही जाहिरातीत ध्वज वापरू नये, आणि ज्या काठीवर ध्वज फडकतो तिला जाहिरातीची पाटीही बांधू नये. झेंड्यावर लिहिलेली ‘५० टक्के सूट’ या दोन्ही ठिकाणी अडते.

खेळाच्या दुनियेत याचं फार चांगलं उदाहरण आहे. २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्णपदक जिंकलं. त्यानंतर एका परदेशी चाहतीने भारताचा झेंडा पुढे करून त्यावर सही मागितली. त्यावर सही करता येणार नाही, असं त्याने सांगितलं आणि तिच्या टी-शर्टच्या बाहीवर सही करून दिली. जिंकल्याच्या त्या धांदलीतही झेंडा आणि कपडा यांतला फरक त्याच्या ध्यानात होता. खेळाचे कपडे विकणाऱ्याने लक्षात ठेवावा तो हाच फरक.

या धंद्याची खरी अडचण यापुढे सुरू होते. किराणा दुकानदाराला झेंडा फक्त जाहिरातीत सांभाळायचा असतो, इथे तो मालावरही असू शकतो. २००५ पर्यंत ध्वज कुठल्याही पोशाखाचा भाग म्हणून वापरायला मनाई होती. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि पोशाखावर, गणवेशावर ध्वज वापरायची वाट मोकळी झाली, पण कमरेच्या वरच. कमरेखाली आणि अंतर्वस्त्रांवर ध्वज चालत नाही. उशी, हातरुमाल आणि नॅपकिन यांवर तो छापायला किंवा भरतकामाने काढायलाही मनाई आहे. म्हणजे छातीवर छोटा ध्वज असलेली जर्सी बसते, पण ट्रॅक पँटच्या खिशाजवळ, शॉर्ट्सच्या कडेला, मोज्यांवर किंवा बुटांच्या टाचेवर तोच ध्वज बसत नाही. घाम पुसायच्या छोट्या टॉवेलवर तिरंगा छापून ‘खरेदीवर मोफत’ देण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण ती नेमकी नॅपकिन-रुमालाच्या वाटेने जाते.

इथे एक शंका येतेच. केशरी, पांढरा आणि हिरवा हे तीन रंग एकत्र आले की झेंडा होतो का? नुसते रंग म्हणजे झेंडा नव्हे. पण तेच रंग त्याच क्रमाने, सारख्या आडव्या पट्ट्यांत आले आणि मधे निळं चक्र आलं, की पाहणाऱ्याला झेंडाच दिसतो. व्यापारासाठी बोधचिन्हांचा आणि नावांचा गैरवापर रोखणाऱ्या १९५० च्या कायद्यात राष्ट्रध्वजाबरोबर अशोकचक्राचाही समावेश आहे, आणि हुबेहूब नसलेली पण तशी भासणारी नक्कलही त्यात धरली आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती धंद्यासाठी वापरता येत नाही. म्हणून जाहिरातीतून सर्वांत आधी काढायचं ते चक्र. ‘५०%’ मधल्या शून्याच्या जागी चक्र बसवण्याची क्लृप्ती दर ऑगस्टमध्ये कुठेतरी दिसते, ती तर अजिबात करू नये.

महाराष्ट्रातल्या दुकानदारांना याच कायद्यातली आणखी एक नोंद ठाऊक असायला हवी. छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांचं नाव आणि चित्र त्याच अनुसूचीत आहे. भगव्या पार्श्वभूमीवर महाराजांची मुद्रा आणि खाली जिमच्या कपड्यांचे दर, अशी पोस्ट आपल्याकडे श्रद्धेपोटीच केली जाते. पण दर खाली आले की ती श्रद्धा राहत नाही, जाहिरात होते.

खेळाडूंचे फोटो हा वेगळा प्रश्न आहे. २०२१ मध्ये टोकियोत पी. व्ही. सिंधूने कांस्यपदक मिळवल्यावर अनेक कंपन्यांनी तिच्या छायाचित्रासोबत आपलं बोधचिन्ह टाकून अभिनंदनाच्या पोस्ट केल्या. तिचं व्यवस्थापन पाहणाऱ्या संस्थेने परवानगीशिवाय तिची प्रतिमा वापरल्याबद्दल कायदेशीर कारवाईचं पाऊल उचललं. छोट्या दुकानाला नोटीस येण्याची शक्यता कमी असेल, पण ज्या खेळाडूने आपल्या बुटांची शिफारस केलेली नाही तिला त्या बुटांशेजारी उभं करणं ही तिच्याबाबतीत आणि गिऱ्हाइकाबाबतीतही अप्रामाणिक गोष्ट आहे.

मग पोस्ट करायची कशी? समजा, कोल्हापुरातल्या एका मध्यम दुकानाला ९ ते १४ ऑगस्ट असा सहा दिवसांचा सेल करायचा आहे. पहिला निर्णय असा की सेलच्या पोस्ट आणि स्वातंत्र्य दिनाची पोस्ट पूर्ण वेगळ्या ठेवायच्या. सेलच्या पोस्टमध्ये झेंडा नाही, चक्र नाही, शहीद नाहीत, लाल किल्ला नाही. दुकानाचा स्वतःचा रंग, मैदानावरच्या मातीचा फोटो आणि दर. मजकूर असा: ‘शाळेच्या स्पर्धा तोंडावर आल्या. कबड्डी संघाची जर्सी ६०० ऐवजी ४८० रुपयांना, ट्रॅक पँट १२०० ऐवजी ८४० रुपयांना. नाव-नंबर छपाईचे पैसे वेगळे. ९ ते १४ ऑगस्ट.’ जर्सीवर २० टक्के, ट्रॅक पँटवर ३० टक्के, हे दर पाहूनच कळतं. मागच्या वर्षीच्या सुट्या मापांच्या बुटांवर ५० टक्के सूट असेल, तर ‘फक्त ६ आणि १० नंबरच्या बुटांवर’ हे त्याच आकाराच्या अक्षरांत लिहायचं. ‘५० टक्क्यांपर्यंत’ असं मोठं लिहून ‘पर्यंत’ बारीक करायची पद्धत एरवीही वाईटच. देशाच्या नावाने बोलावून आणलेल्या गिऱ्हाइकाला दारात फसवल्यासारखं वाटलं, तर राग दुकानापुरता राहत नाही.

शब्दांचंही तसंच आहे. ‘घामापासून आझादी’, ‘महाग बुटांपासून स्वातंत्र्य’, ‘चले जाव चरबी’ अशा ओळी सुचायला सोप्या असतात. ९ ऑगस्ट हा क्रांती दिन आहे. १९४२ मध्ये याच तारखेच्या पहाटे गांधीजींसह काँग्रेसच्या नेत्यांना मुंबईत अटक झाली आणि छोडो भारत आंदोलन पेटलं. त्या आंदोलनात तुरुंगात गेलेल्या, गोळ्या झेललेल्या माणसांची घरं सातारा-सांगली-कोल्हापूर भागात आजही आहेत. त्याच तारखेला ‘चले जाव’ चरबीला जोडलं, तर वाचणाऱ्या एखाद्या नातवाला काय वाटेल, एवढा विचार केला तरी ओळ आपोआप खोडली जाते. सेलला ‘ऑगस्ट सेल’ किंवा ‘स्पर्धा सेल’ म्हटलं म्हणून जर्सी कमी विकल्या जात नाहीत.

१५ तारखेच्या पोस्टमध्ये दर नसावेत, दुकानाचा फोन नंबर नसावा, ‘आजच भेट द्या’ नसावं. कोपऱ्यात दुकानाचं नाव पुरे. खेळाच्या दुकानाकडे त्या दिवशी सांगण्यासारखी स्वतःची गोष्ट असते, आणि ती उधारीची वाटत नाही. १२ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याला वर्ष पूर्ण व्हायला तीन दिवस असताना, लंडनच्या वेम्बली मैदानावर भारताच्या हॉकी संघाने ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनला ४-० असं हरवलं. बलबीर सिंग सीनियर यांनी दोन गोल केले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. किंवा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, ज्यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिलं. कोल्हापूरच्या दुकानाने खाशाबांबद्दल चार ओळी लिहिल्या, तर त्या गावच्या माणसांना आपल्याच वाटतील. अट एकच, त्याखाली कुस्तीच्या बुटांची किंमत येता कामा नये.

आकडा लिहिताना एक चूक हमखास होते. पहिला स्वातंत्र्य दिन १५ ऑगस्ट १९४७ चाच. त्यामुळे २०२५ चा दिवस ७९ वा स्वातंत्र्य दिन होता, पण तोवर स्वातंत्र्याला ७८ वर्षं पूर्ण झाली होती. ‘७९ वा स्वातंत्र्य दिन’ बरोबर, ‘स्वातंत्र्याची ७९ वर्षं पूर्ण’ चूक. खात्री नसेल तर आकडा टाकूच नये. झेंड्याचं छायाचित्र या पोस्टमध्ये घेतलं, तर ते अखंड हवं, केशरी पट्टा वर हवा आणि त्यावर एकही अक्षर नको. शुभेच्छा चित्राबाहेर लिहाव्यात.

एवढं करूनही चूक होते. कुणीतरी लिहितं, ‘अहो, बुटांमागे तिरंगा दिसतोय.’ त्यावर ‘आमच्या भावना समजून घ्या’ असा वाद घालण्यात अर्थ नसतो. पोस्ट लगेच काढावी आणि ‘चित्रात चूक झाली होती, काढली आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार’ एवढंच लिहावं. व्हॉट्सॲपच्या ज्या गटांत चित्र गेलं असेल, तिथेही हेच लिहावं, कारण तिथून ते पुढे गेलेलं असतं.

काउंटरवर मुलांना वाटायला ठेवलेले झेंडे प्लास्टिकचे नसावेत. १ जुलै २०२२ पासून बंदी असलेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंत प्लास्टिकचे झेंडेही आहेत. कागदी झेंडे चालतात, पण ते जमिनीवर टाकायचे नसतात. १६ तारखेला सकाळी दुकान उघडताना पायरीवर, पार्किंगमध्ये पडलेले झेंडे नोकराकडून केरात लोटले जाण्याआधी मालकाने स्वतः वेचून घ्यावेत, फाटलेले वेगळे करावेत आणि लोकांच्या नजरेआड, शक्यतो जाळून, सन्मानाने त्यांचा निरोप घ्यावा.